वहीतली लाल शाई आणि ‘छान प्रयत्न!’

चौथीतला एक मुलगा पोटदुखीसाठी बाह्यरुग्ण विभागात आला होता. पोट मऊ, वजन ठीक, ताप नाही. “रविवारी दुखत नाही,” आई म्हणाली. अशा वेळी मी दप्तर बघायला मागतो. गणिताच्या वहीत वजाबाक्यांचे पानच्या पान चुकलेले होते आणि खाली लाल शाईत लिहिले होते, ‘छान प्रयत्न! अशीच मेहनत कर.’

बाईंचा हेतू चांगला होता. हा शेरा कुठून येतो तेही मला ठाऊक आहे. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. मुलांना आकृत्यांची कोडी दिली. ती सुटल्यावर काहींना सांगितले, ‘तू हुशार असणार’. काहींना, ‘तू खूप मेहनत घेतली असणार’. उरलेल्यांना फक्त ‘छान सोडवलीस’. मग मुद्दाम अवघड कोडी दिली आणि सगळ्यांना कमी गुण पडल्याचे सांगितले. त्यानंतर पुन्हा पहिल्याइतकीच सोपी कोडी दिली, तेव्हा ‘हुशार’ म्हटलेल्यांची कामगिरी आधीपेक्षा घसरली आणि ‘मेहनती’ म्हटलेल्यांची सुधारली. आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलाला लिहून कळवायला सांगितले, तेव्हा ‘हुशार’ गटातल्या सुमारे ३८ टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. ‘मेहनती’ गटात हे प्रमाण १३ टक्के होते. हुशारी हीच ओळख झाली की अपयश लपवावे लागते, असा त्याचा अर्थ लावला गेला. क्षमता वाढू शकते असे मानणाऱ्या वृत्तीला पुढे ‘ग्रोथ माइंडसेट’ हे नाव मिळाले.

पण प्रयोगातला एक तपशील वाटेत गळून गेला. तिथे मेहनतीची शाबासकी कोडी सुटल्यावर दिली होती. न सुटलेल्या गणितावर मलम म्हणून ती वापरली नव्हती. खुद्द ड्वेक यांनी २०१५ मध्ये लिहिले की शिकणे होत नसताना नुसत्या प्रयत्नांचे कौतुक करणे म्हणजे आपला सिद्धान्त नव्हे.

या मुलाचेच बघा. ५२ वजा २७ चे उत्तर त्याने ३५ लिहिले होते, ८१ वजा ४६ चे ४५. मी विचारले, “पाच कसे आले रे?” तो म्हणाला, “सातातून दोन गेले.” वरच्या दोनातून सात जात नाहीत, म्हणून तो सरळ मोठ्यातून लहान अंक वजा करत होता. जिथे दशक सुटा करावा लागत नाही ती गणिते त्यामुळे बरोबर येत, बाकीची सगळी एकाच रीतीने चुकत. मेहनतीत तो कमी नव्हताच. पानभर मेहनत करून त्याने चूक पक्की केली होती. आणि इतके करूनही जमत नाही म्हणजे आपल्यातच खोट आहे, असे त्याला वाटणे साहजिक होते. ‘तू हुशार नाहीस’ हे आता त्याला कोणी वेगळे सांगायची गरज उरली नव्हती.

असे मूल समोर आले की मी आधी डोळे आणि कान तपासायला पाठवतो. फळा न दिसणाऱ्या मुलाला ‘आणखी प्रयत्न कर’ म्हणणे क्रूरपणा आहे. याचे दोन्ही ठीक निघाले.

या विचाराचा परिणाम किती, तेही मोजले गेले आहे. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांना संगणकावर तासाभराहून कमी वेळाचा पाठ दिला. कमी गुण मिळवणाऱ्यांची सरासरी श्रेणी चारपैकी ०.१ इतकी वाढली. हा अभ्यास २०१९ चा. इतक्या स्वस्त उपायाला हे वाईट नाही, पण भिंतीवर ‘मला अजून येत नाही’ असे तक्ते लावून वर्ग बदलेल इतके मोठेही नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत शिक्षकांना प्रशिक्षण देऊन दहा-अकरा वर्षांच्या मुलांना हेच शिकवले, तेव्हा भाषेत किंवा गणितात जादा प्रगती दिसली नाही. औषध असते तर मी ते ‘सौम्य, काही रुग्णांना उपयोगी’ अशा शेऱ्याने लिहिले असते.

टेबलावर घसा तपासायच्या लाकडी पट्ट्या होत्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे रबराने बांधले, दोन पट्ट्या सुट्या ठेवल्या. “यातल्या सत्तावीस मला दे.” त्याने दोन सुट्या दिल्या, थांबला, मग न सांगता एका गठ्ठ्याचे रबर काढले. सात सुट्या पुऱ्या करून वर दोन गठ्ठे दिले आणि उरलेल्या मोजल्या. पंचवीस.

“रबर काढायचं तुला सुचलं, ते बरोबर केलंस. वहीत तेवढंच राहिलं होतं,” मी म्हणालो.

त्याने वही उघडली. “मग ही सगळी चुकली?”

“सगळी नाही. कुठली, ते तूच शोध.”

बाहेर रांग होती. तो बाकावर जाऊन बसला आणि पेन्सिलीने गोल करू लागला. बाईंसाठी मी चिठ्ठी लिहिली. त्यात औषध नव्हते, ५२ वजा २७ होते.