फोटोतले निस्तेज केस चमकवायचेत? आधी बटांची दिशा पाहा!

लग्नात हौसेनं काढलेला फोटो. चेहरा छान आलाय, साडी छान आलीय, पण केस म्हणजे डोक्यावर ठेवलेला काळा गोळा! मग फोनमध्ये ब्राइटनेस वाढवला जातो आणि केसांऐवजी कपाळच चकाकू लागतं. केस मात्र काळ्याचे राखाडी होतात.

असं का होतं, ते केस मुळात कसे चमकतात यावरून कळतं. प्रत्येक केसावर माशासारखे बारीक खवले असतात. ते नीट बसलेले असले की केस गुळगुळीत काचेच्या नळीसारखा प्रकाश परतवतो. शेजारचे शेकडो केस समांतर असतील, तर प्रत्येकावरचा चमकणारा ठिपका जवळपास एकाच उंचीवर येतो आणि डोक्याभोवती उजळ पट्टा दिसतो. म्हणजे पट्टा केसांना आडवा, पण तो बनलेला असतो उभ्या, बारीक रेघांचा. सगळी मेख इथेच आहे. पट्टा दिसतो म्हणून आडवं बोट फिरवलं, की केसांवर पावडर सांडल्यासारखं दिसतं.

करायचं कसं?

स्नॅपसीड ॲपचं उदाहरण घेऊ. फोटोतल्या मुलीचे केस मोकळे, काळे, मधोमध भांग आणि खिडकी डावीकडे आहे असं समजा. सर्वात आधी `Brush` उघडून `Dodge & Burn` निवडा आणि आकडा ५ वर ठेवा. १० चा मोह टाळा. या ॲपमध्ये ब्रशचा आकार वेगळा बदलावा लागत नाही. फोटो जितका झूम कराल, तितका ब्रश केसांच्या तुलनेत बारीक होतो. त्यामुळे एक बट बोटाएवढी रुंद दिसेपर्यंत झूम करा.

आता नवी चमक 'काढायची' नाही, आधीच असलेली शोधायची. डोकं वरून बाजूला वळतं तिथे, टाळूच्या थोडं खाली, पुसटसा उजेड सापडेल. दुसरी जागा खांद्यापाशी, जिथे केस बाहेर वळतात. तिथेच, प्रत्येक बटेच्या वळणानुसार, वरून खाली छोट्या रेघा ओढा. सगळ्या एकाच रेषेत सुरू करू नका आणि एकाच लांबीच्याही नकोत. पाच-सहा बटा उजळा, मधल्या दोन-तीन तशाच सोडा. मग आकडा उणे ५ करून सोडलेल्या बटांवरून हलकं बोट फिरवा. चमक उठून दिसते ती या शेजारच्या सावलीमुळे. अनेकजण नेमकी हीच पायरी गाळतात आणि मग उजेड वाढवत बसतात.

खिडकी डावीकडे आहे, म्हणून डाव्या बाजूला रेघा जास्त, उजवीकडे मोजक्याच. प्रकाशाची बाजू समजत नसेल तर डोळ्यांतला पांढरा ठिपका आणि नाकावरची चमक पाहा.

काळे केस तांबूस दिसू लागले तर?

केसांवरून थेट परतणाऱ्या प्रकाशाला केसांचा रंग लागत नाही, तो दिव्याच्याच रंगाचा राहतो. केसात शिरून बाहेर पडणारी दुसरी चमक रंगीत असते. संगणकावर केस रंगवण्यासाठी स्टीफन मार्शनर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेल्या मॉडेलमध्ये हा फरक आहे. काळ्या केसांत ही दुसरी चमक बरीचशी शोषली जाते. म्हणून साध्या उजेडातल्या काळ्या केसांवर तपकिरी रेघा आल्या, की कुणीतरी रंगवल्यासारखं वाटतं. अशा वेळी त्याच `Brush` मधलं `Saturation` उणे ५ वर ठेवून त्या रेघांवरून पुन्हा बोट फिरवा. फोटो संध्याकाळच्या उन्हातला किंवा पिवळ्या बल्बखालचा असेल तर मात्र सोनेरी छटा राहू द्या, ती खरी आहे.

कुठे हात लावू नये?

झूम करून केस वेगवेगळे दिसतच नसतील, नुसता काळा डाग असेल, तर तिथे उजळायला काही उरलेलंच नाही. ब्रश फिरवला की फक्त राखाडी दाणे वर येतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत हा प्रकार फार दिसतो, त्यामुळे शक्यतो मूळ फोटोच घ्या. उजेड कपाळावर किंवा मागच्या भिंतीवर सांडला असेल तर आकडा शून्यावर आणून तेवढाच भाग पुसता येतो.

काम झाल्यावर फोटो अगदी लहान करून पाहा. पट्टा चेहऱ्याआधी डोळ्यांत भरत असेल तर चमक जास्त झाली आहे.

कुरळ्या केसांना असा अखंड पट्टा पडत नाही. तिथे प्रत्येक वळणाच्या फुगीर बाजूवर छोटासा स्पर्श पुरतो. तेल लावून घातलेल्या वेणीत बटा एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यामुळे रेघ थोडी रुंद चालते. फक्त ती प्रत्येक पेडाच्या मधोमध, पेड ज्या तिरक्या दिशेनं वळतो त्याच दिशेनं हवी, वेणीच्या लांबीनं सरळ खाली नको.