लोड वाढवल्यावर भरलेलं डिपॉझिट परत कसं मिळतं?

घरात दुसरा एसी आला, गीझर आला, नाहीतर तळमजल्यावरच्या खोलीत पिठाची गिरणी सुरू झाली, की मंजूर भार अपुरा पडतो आणि लोड वाढवून घ्यावा लागतो. अर्ज केला की हातात कोटेशन येतं, आपण ते भरतो, मीटर किंवा केबल बदलली जाते आणि विषय संपतो. एक-दोन महिन्यांनी बिलावर ‘सुरक्षा ठेव’ या शब्दांपुढचा आकडा वाढलेला दिसतो. कधी ‘समायोजित रक्कम’ या ओळीत काहीतरी जमा किंवा नावे पडलेलं असतं. बहुतेक जण तळाची एकूण रक्कम पाहून बिल भरतात. पण या आकड्यातले पैसे आपले असतात, त्यांवर व्याज मिळतं आणि जास्त झालेले परत मागता येतात. हा हिशेब महाराष्ट्रातल्या वीजग्राहकाला ठाऊक असायला हवा, असं मला मनापासून वाटतं, कारण परतावा बहुतेक वेळा मागितल्याशिवाय मिळत नाही.

आधी कोटेशन नीट वाचू. त्यात साधारण तीन प्रकारचे पैसे असतात. अर्ज प्रक्रियेचं शुल्क आणि वीजजोडणीचा खर्च, म्हणजे सर्व्हिस कनेक्शन चार्ज, हे एकदा भरले की कंपनीचे झाले. तिसरी रक्कम असते सुरक्षा ठेव, तिला बोलीभाषेत आपण डिपॉझिट म्हणतो. फक्त ही रक्कम तुमच्या नावावर राहते. कोटेशनचा एकूण आकडा लक्षात ठेवून पुढे ‘मी इतके भरले, बिलावर तेवढे दिसत नाहीत’ अशी तक्रार करणारे अनेक जण असतात. त्यांची चूक नसते, पण दाद मागताना ठेवीचा वेगळा आकडा हाती असावा लागतो. म्हणून कोटेशनची प्रत आणि पावती जपून ठेवावी.

ठेव घ्यायचा अधिकार वीज कायदा, 2003 च्या कलम 47 ने दिलेला आहे आणि महाराष्ट्रात तिचे तपशील राज्य वीज नियामक आयोगाच्या 2021 च्या विद्युत पुरवठा संहितेत आहेत. पूर्वी एका महिन्याच्या सरासरी बिलाइतकी ठेव पुरायची. 2021 च्या संहितेने मासिक बिल येणाऱ्या ग्राहकांसाठी ती दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी केली. वीज आधी वापरली जाते आणि पैसे नंतर येतात, तेवढ्या काळाची जोखीम कंपनीने अशी झाकलेली असते. महावितरण असो की मुंबईतल्या इतर वीज कंपन्या, सर्वांना हीच संहिता लागू आहे.

मूळ गोष्ट अशी की ठेव बिलावरून ठरते, लोडवरून नाही. लोड वाढवताना मात्र पुढचं बिल किती येईल हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून त्या वेळी कंपनी नवा भार, ग्राहकाचा वर्ग आणि अपेक्षित वापर यांवरून अंदाज बांधते, आणि त्या अंदाजातून आधीची ठेव वजा करून फरक मागते. अंदाज चुकला तर दुरुस्त करायची सोय संहितेतच आहे. दर आर्थिक वर्षात एकदा, मागच्या बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष बिलांची सरासरी काढून, ठेव पुन्हा मोजली जाते. कमी असेल तर कंपनी जास्तीची ठेव मागते, जास्त असेल तर परत द्यावी लागते.

एक उदाहरण आकड्यांनी पाहू. समजा नाशिकमधल्या एका कुटुंबाचं बिल सरासरी 1,100 रुपये येतं आणि त्यांची ठेव 2,200 रुपये आहे. फेब्रुवारीत दोन एसी बसवायचे म्हणून त्यांनी लोड वाढवून घेतला. कंपनीने नव्या भाराचा अंदाज धरून एकूण ठेव 6,000 रुपये हवी असं ठरवलं आणि कोटेशनमध्ये 3,800 रुपयांचा फरक मागितला. भरल्यानंतर बिलावरची ‘सुरक्षा ठेव’ 6,000 झाली. इथवर सगळं सरळ आहे.

आता एप्रिलमधली फेरमोजणी घ्या. मागच्या बारा महिन्यांतले दहा महिने जुन्या वापराचे, आणि नव्या लोडचे फक्त फेब्रुवारी-मार्च. त्या दोन महिन्यांत बिल 1,300 च्या आसपास आलं असेल तर वर्षाची सरासरी निघते सुमारे 1,133 रुपये आणि आवश्यक ठेव होते जवळपास 2,270. म्हणजे कागदावर 3,730 रुपये जास्त दिसतात. कुटुंबाने तेव्हाच ते मागून घेतले तर? पुढचं वर्ष उन्हाळ्यासकट पूर्ण नव्या वापराचं असेल. समजा त्या वर्षी सरासरी बिल 1,850 आलं, तर आवश्यक ठेव 3,700 होईल, आणि हाती फक्त 2,270 असल्याने 1,430 रुपयांचं जास्तीच्या ठेवीचं देयक येईल. परतावा घेतला, मग पुन्हा भरले, असा फेरा होईल. म्हणून लोड वाढवल्यानंतरच्या पहिल्या एप्रिलचा आकडा फार मनावर घेऊ नये. खरा आकडा कळतो तो दुसऱ्या एप्रिलला, संपूर्ण बारा महिने नव्या लोडवर काढल्यावर. आपल्या उदाहरणात त्या वेळी 6,000 मधून 3,700 वजा जाऊन 2,300 रुपये खरोखर जास्तीचे ठरतात, आणि ते मागायला हरकत नाही.

मात्र जास्तीची प्रत्येक रक्कम परत मिळत नाही. आवश्यक ठेवीच्या 10 टक्के किंवा 300 रुपये, यांपैकी जे मोठं असेल त्याच्या आतली जादा रक्कम परत करायचं बंधन कंपनीवर नाही. 3,700 च्या दहा टक्के 370 होतात, ते 300 पेक्षा मोठे. 2,300 रुपये या मर्यादेच्या खूप पुढे आहेत, त्यामुळे हक्क स्पष्ट आहे. जास्त रक्कम 350 रुपये असती तर मात्र थांबावं लागलं असतं.

परतावा मागणीवरून होतो. ज्याने ठेव दिली त्याने अर्ज करायचा आणि रक्कम पुढच्या बिलात वळती करावी की वेगळी द्यावी, हे त्यानेच सांगायचं. अर्ज मिळाल्यापासून 30 दिवसांत परतावा व्हायला हवा, आणि तो एकरकमी, हप्त्यांत नाही. अर्जात ग्राहक क्रमांक, लोड वाढवल्याची तारीख, भरलेल्या ठेवीची पावती, मागच्या बारा बिलांच्या रकमा आणि सरासरीचा दुप्पट आकडा एवढं असलं तर समोरच्या लिपिकाला पुन्हा मोजायचं काम राहत नाही. उपविभागीय कार्यालयात अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच, म्हणजे आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी. 30 दिवसांची मोजणी त्याच तारखेपासून धरता येते. बिलात वळती केली तर पुढच्या बिलावर ‘समायोजित रक्कम’ उणे चिन्हाने दिसते आणि त्याच बिलावर ‘सुरक्षा ठेव’ तेवढीच कमी झालेली असते. दोन्ही आकडे एकाच वेळी हलले पाहिजेत. ठेव घटली पण जमा दिसत नाही, किंवा जमा दिसते पण ठेव तशीच आहे, तर नोंद अर्धवट झाली असं समजावं आणि लगेच विचारावं.

उलट बाजूला, जास्तीच्या ठेवीची मागणी आली तर तिचं देयक नेहमीच्या बिलाबरोबर, पण वेगळं येतं. ते भरायला किमान 30 दिवस मिळतात. 2022 मध्ये महिन्याची ठेव दोन महिन्यांची झाली तेव्हा अनेक घरांना एकदम मोठी रक्कम भरावी लागणार होती, म्हणून महावितरणने सहा हप्त्यांची सोय दिली होती. इथे होणारी एक चूक मला फार महत्त्वाची वाटते. काही जण ठेवीचं देयक आणि वीजबिल यांची बेरीज करून सगळी रक्कम साध्या बिलाच्या खात्यात ऑनलाइन भरतात. ती ठेवीत जात नाही, आगाऊ भरणा म्हणून जमा पडते आणि पुढच्या बिलांत खपते. मग ठेव कमीच राहते आणि ग्राहक म्हणतो, मी तर भरलं. मुदतीत ठेव न भरल्यास कायद्यानुसार वीजपुरवठा बंद करायची तरतूदही आहे. भरताना ठेवीचा वेगळा पर्याय निवडला का, आणि पुढच्या बिलावर ‘सुरक्षा ठेव’ वाढली का, एवढं पाहिलं की ही चूक टळते.

या ठेवीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराने व्याज मिळतं. 2024 च्या एप्रिलमध्ये हा दर 6.75 टक्के होता. त्या दराने 6,000 रुपयांवर वर्षाचे 405 रुपये होतात. व्याज आर्थिक वर्ष संपल्यावर सुरुवातीच्या महिन्यांतल्या बिलात जमा दिसायला हवं. लोड वाढवताना भरलेल्या फरकाचं व्याज तो भरल्याच्या दिवसापासून धरतात, म्हणून पहिल्या वर्षी त्या भागाचं व्याज थोडंच दिसलं तर घाबरायचं कारण नाही.

छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्यांनी हे प्रकरण विशेष बारकाईने पाहावं. महाराष्ट्रात पॅनेलची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त ठेवता येत नाही, त्यामुळे अनेकांचा लोड आधी वाढतो आणि त्याबरोबर ठेवही वाढू शकते. नंतर बिल मात्र घटतं, काहींचं तर स्थिर आकारापुरतंच उरतं. बारा महिन्यांनी सरासरी काढली की आवश्यक ठेव खूप खाली येते आणि मोठी रक्कम परत मागता येते. सौर बसवणारा ठेकेदार हे सांगत नाही, कारण त्याचा त्याच्याशी संबंध नसतो. नवा स्मार्ट मीटर बसला म्हणून मात्र ठेव परत मिळत नाही. आधी पैसे भरून वीज घेण्याची प्रीपेड पद्धत घेतली तरच कायदा ठेव मागू देत नाही.

जोडणी कायमची बंद केली तर अंतिम बिल आणि थकबाकी वजा करून उरलेली ठेव परत येते. इथे नाव आडवं येतं. जोडणी वडिलांच्या किंवा जुन्या घरमालकाच्या नावावर असेल तर ठेव त्यांचीच मानली जाते. घर विकत घेताना नाव बदलाच्या अर्जाबरोबर ठेव आपल्या नावे वळती करायचं जुन्या ग्राहकाचं संमतीपत्र त्याच वेळी घ्यावं, नंतर त्यांना शोधणं अवघड जातं. लोड वाढवण्याचा फरक तुम्ही भरला आणि मीटर दुसऱ्याच्या नावावर राहिला, तर फरकाची पावती हाच तुमच्याकडचा पुरावा.

30 दिवस उलटूनही परतावा आला नाही, तर आधी त्याच कार्यालयात पोच दाखवून लेखी तक्रार करावी. तिथे दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येतं, आणि मंचाचा निर्णय मान्य नसेल तर विद्युत लोकपालाकडे. मंच दोन वर्षांपूर्वीची बाब घेत नाही, त्यामुळे जुनी कोटेशनची पावती आणि अर्जाची तारखेसह पोच या दोन कागदांवर प्रकरण उभं राहतं.