डॉक्टर विचारतात, “दारू घेता का?” खरे सांगितले तर काय होते?

वॉर्डातली एक रात्र आम्ही विसरलेलो नाही. यंत्रमागावर काम करणारे, पन्नाशीच्या आसपासचे एक गृहस्थ मांडीच्या हाडाच्या ऑपरेशनसाठी दाखल झाले होते. भरती करताना आम्ही नेहमीचा प्रश्न विचारला. शेजारी आई, मेहुणा आणि विहारातले दोघे जण उभे होते. “नाही हो सिस्टर, आमच्या घरात पंचशील आहे,” असे उत्तर आले आणि केसपेपरवर “व्यसन नाही” असे लिहिले गेले.

दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले आणि घाम फुटला. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर किडे दिसू लागले. सलाईन उपसून ते पलंगावरून उतरू लागले. आई म्हणाली, बाहेरचे काहीतरी लागले. शेवटी पत्नीने आम्हाला जिन्यात गाठले. “सिस्टर, रोज संध्याकाळी एक क्वार्टर लागते त्यांना. बारा वर्षं झाली. सासूबाईंसमोर कसं सांगू?”

बाहेरचे काही नव्हते. रोज दारू घेणाऱ्याची दारू दवाखान्यात एकदम बंद होते. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम आणि धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, ताप चढतो, माणूस ओळख विसरतो. ही अवस्था जीवघेणी असते. आधी माहीत असेल तर डॉक्टर पहिल्या दिवसापासून मेंदू शांत ठेवणारी औषधे आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात, भूल देणारे डॉक्टरही त्या हिशेबाने तयारी करतात. त्या गृहस्थांचे ऑपरेशन पाच दिवस लांबले, पण ते वाचले. पत्नीचे जिन्यातले ते एक वाक्य नसते तर काय झाले असते ते सांगता येत नाही.

म्हणूनच रोज पिणाऱ्याने कोणाच्या सांगण्यावरून घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे.

काय सांगायचे

“थोडी घेतो” या उत्तराचा डॉक्टरांना उपयोग नसतो. चार गोष्टी सांगा: काय घेता, किती, किती वर्षांपासून, आणि शेवटची कधी घेतली. उदाहरणार्थ, “देशी, रोज एक क्वार्टर, बारा वर्षांपासून, शेवटची काल रात्री आठला.” एवढे पुरते. हातभट्टी किंवा शिंदी असेल तर तेही सांगा. हातभट्टीत किती कडकपणा आहे आणि काय मिसळले आहे हे कोणालाच ठाऊक नसते. हातभट्टी पिऊन डोळ्यांसमोर धुके आले किंवा पोटात जोरात दुखले तर विषबाधेचा संशय घेऊन लगेच उपचार करावे लागतात.

नातेवाइकांसमोर सांगता येत नसेल तर “डॉक्टर, एकट्याने बोलायचंय” असे म्हणा. तो तुमचा हक्क आहे. पाचवे शील मोडले म्हणून लाज वाटते हे आम्ही जाणतो. पण डॉक्टरांसमोर खोटे बोलल्याने ते शील परत जुळत नाही, उलट चौथेही मोडते.

सांगितलेले कुठे जाते

महाराष्ट्रात दारू प्यायला कायद्याने परवाना लागतो, म्हणून अनेकांना वाटते की केसपेपरवर लिहिले की पोलीस घरी येतील. तसे होत नाही. उपचारासाठी दिलेली माहिती म्हणजे पोलिसांकडची तक्रार नव्हे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाचे गुपित फोडायला डॉक्टरांना मनाई आहे. न्यायालयाने आदेश दिला, एखाद्या ठरावीक व्यक्तीला गंभीर धोका असला किंवा सरकारला कळवणे बंधनकारक असलेला आजार असला, तरच अपवाद. दारूच्या व्यसनावर उपचार घेत असाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचेही संरक्षण मिळते, कारण त्यात दारूमुळे होणारे मानसिक आजार येतात.

याला एक मर्यादा आहे. अपघात, मारामारी किंवा विषबाधा असेल तर दवाखान्याला पोलिसांना कळवावे लागते, आणि गाडी चालवताना अपघात झाला असेल तर रक्ताचा नमुनाही घेतला जाऊ शकतो.

मालक, शेजारी, सोयरीक पाहायला आलेली माणसे यांपैकी कोणालाही तुमचा केसपेपर मागण्याचा अधिकार नाही. तुम्हाला मात्र आहे. स्वतःच्या नोंदींची मागणी केली तर ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. दवाखान्याने नोंदी किमान तीन वर्षे ठेवायच्या असतात. म्हणून डिस्चार्ज कार्ड घरी जपून ठेवा.

विम्याचा फॉर्म वेगळा का

विमा कंपनीला तुमचे कागद आपोआप मिळत नाहीत. पण विम्याच्या फॉर्मवर सही करताना कोणत्याही दवाखान्याकडून नोंदी मागवण्याची परवानगी तुम्ही कंपनीला देत असता. दावा आला की कंपनी तीच परवानगी वापरते. फॉर्मवर “नाही” आणि केसपेपरवर “बारा वर्षांपासून रोज” असले की अडचण येते.

हरियाणातल्या झज्जरची गोष्ट घ्या. एका माणसाने २०१३ साली आयुर्विमा महामंडळाची जीवन आरोग्य पॉलिसी घेतली. फॉर्मवर दारूच्या प्रश्नाला “नाही” लिहिले होते. वर्षाच्या आतच पोटदुखीने तो दवाखान्यात गेला आणि २०१४ साली वारला. दवाखान्याच्या नोंदींत जुन्या व्यसनाचा उल्लेख निघाला आणि दावा नाकारला गेला. ग्राहक मंचाने पत्नीच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे म्हणणे मान्य केले. पत्नीला आधी मिळालेले पाच लाखांहून अधिक रुपये परत घेऊ नयेत, एवढी दया न्यायालयाने दाखवली. प्रत्येक बाईच्या वाट्याला ती येईलच असे नाही.

आपल्याकडे हा फॉर्म बहुधा एजंटच भरतो. “सगळीकडे नाही लिहितो, लवकर पास होईल,” असे तो म्हणतो, आणि सही तुमची असते. तेव्हा फॉर्म मराठीत वाचून घ्या. “देशी, आठवड्यातून दोनदा, एक क्वार्टर, दहा वर्षांपासून” असे लिहायला लावा. सोडली असेल तर कधी सोडली ते लिहा. हप्ता वाढेल, कदाचित पॉलिसी नाकारलीही जाईल. तरी आधी नाकारलेली बरी. वर्षानुवर्षे हप्ते भरून विधवेच्या हातात नकाराचे पत्र येणे त्याहून वाईट.

पॉलिसीसोबत आलेली फॉर्मची प्रत तपासा. चूक दिसली तर लगेच लेखी कळवा. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परतही करता येते. आयुर्विमा असेल तर तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनी खोट्या माहितीचे कारण काढून पॉलिसी रद्द करू शकत नाही. म्हणून दावा नाकारला तर आधी पॉलिसीची तारीख पाहा. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा: खरे लिहिले तरी बहुतेक आरोग्य विम्यांत दारूच्या व्यसनावरचा उपचार आणि त्यामुळे झालेल्या आजाराचा खर्च मिळत नाही.

नकाराचे पत्र आले तर ते लेखीच मागा. कंपनीकडे तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. सोलापूरसाठी त्यांचे कार्यालय पुण्यात आहे.

ते यंत्रमागवाले गृहस्थ पुढच्या वेळी मोतीबिंदूसाठी आले तेव्हा प्रश्न विचारण्याआधीच म्हणाले, “सिस्टर, लिहून घ्या. आता आठवड्यातून एकदा, परवाची शेवटची.” आम्ही लिहून घेतले. ऑपरेशन ठरलेल्या दिवशी झाले.