तळ २४ मार्चला, खात्री ९ एप्रिलला

२४ मार्च २०२० रोजी निफ्टीने ७,५११चा तळ गाठला आणि त्याच रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. पुढच्या तीन दिवसांत निर्देशांक दीड हजार अंकांनी वर उसळला. मंदी संपली का, हाच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी होता. बाजाराची रचना वाचणारा त्याचं उत्तर बातम्यांत शोधत नाही, आलेखावरच्या शिखरं-दऱ्यांत शोधतो.

तेजीत प्रत्येक शिखर आधीच्यापेक्षा उंच असतं आणि प्रत्येक दरीही आधीच्या दरीच्या वर राहते. त्या शिखराला ‘हायर हाय’ म्हणतात. मंदीत दोन्ही खाली सरकतात आणि ‘लोअर लो’ बनत जातात. चार्ल्स डाऊ यांच्या लेखनातून आलेला हा विचार शंभर वर्षांहून जुना आहे. मंदीतलं शेवटचं उतरतं शिखर भावाने ओलांडलं, तर तो ‘चेंज ऑफ कॅरॅक्टर’, म्हणजे कल बदलत असल्याची पहिली खूण.

इथे ते शिखर होतं २० मार्चचं, ८,८८३. निफ्टी २७ मार्चला दिवसभरात ९,०३९पर्यंत गेला, पण बंद झाला ८,६६०वर. कँडलची नुसती वात रेषेपलीकडे गेली होती. मी बंद भावच मानतो, कारण विक्रेते दिवसअखेर वरचढ ठरले की ती ओलांड टिकलेली नसते. आणि खरोखरच ३ एप्रिलला निफ्टी ८,०५६पर्यंत घसरला. मात्र ही दरी ७,५११च्या बरीच वर होती. ८ एप्रिलला पुन्हा ९,१०० ओलांडून तो परतला. ९ एप्रिलला मात्र बंद भावच ९,११२ होता. खूण पटली ती इथे.

या खात्रीची किंमत मोठी असते. तळापासूनची एकवीस टक्के वाढ तोवर हातची गेलेली होती आणि अंदाज चुकल्याचं सांगणारी दरी हजारभर अंक खाली होती. शिवाय शिखर किंवा दरी त्या दिवशी ओळखू येत नाही. भाव तिथून पुरेसा दूर गेल्यावरच ती ठरते. पंधरा मिनिटांच्या आलेखावर तर अशा खुणा दिवसातून कित्येकदा उमटतात, म्हणून कोणत्या आलेखाची रचना मानायची हे आधीच ठरवावं लागतं.

कल सुरू राहिल्याची साक्ष नंतर मिळाली. ३० एप्रिलला ९,८८९चं शिखर झालं, १८ मेला निफ्टी ८,८०७पर्यंत उतरला आणि २ जूनला ९,९७९वर बंद झाला. कलाच्याच दिशेने आधीचं शिखर असं मोडणं म्हणजे ‘ब्रेक ऑफ स्ट्रक्चर’. त्यानंतर तेजी मोडली की नाही हे ठरवणारी रेषा ८,०५६वरून ८,८०७वर सरकली.