इंग्रजी बातमी मराठीत लिहिताना...

शिक्षकमित्रांनो आणि पालकहो, दहावीला उपयोजित लेखनात बातमीलेखन असतं. सरावासाठी आपण मुलांना पीटीआय, रॉयटर्स यांसारख्या वृत्तसंस्थांची इंग्रजी बातमी देतो. मुलं शब्दाला शब्द लावतात आणि बहुतेकदा असं वाक्य हातात येतं :

"एका लग्नाच्या पाहुण्यांना घेऊन जाणारी बस मंगळवारी पहाटे एका दरीत पडली तेव्हा किमान 12 लोक मारले गेले आणि 30 इतर जखमी झाले, पोलीस म्हणाले, जोडून की चालकाने बहुधा नियंत्रण गमावले होते."

शब्द मराठी आहेत, पण बांधणी इंग्रजीच राहिली. असं का होतं? वृत्तसंस्था पहिल्याच वाक्यात कोण, काय, कुठे, कधी हे सगळं भरते आणि माहिती कुणी दिली ते शेवटी जोडते. इंग्रजीत क्रियापद लवकर येतं, त्यामुळे वाक्य लांबलं तरी चालतं. मराठीत ते शेवटी येतं. तोवर वाचकाला सगळं डोक्यात धरून बसावं लागतं.

म्हणून मुलांना आधी मूळ बातमी बाजूला ठेवायला सांगा. कागदावर फक्त तथ्यं लिहू द्या : लग्नाची बस, दरी, मंगळवारी पहाटे, किमान 12 मृत, 30 जखमी, चालकाचा ताबा बहुधा सुटला, माहिती पोलिसांची. मग त्या कागदावरून बातमी लिहायची :

"वऱ्हाडाची बस दरीत कोसळून किमान 12 जण ठार, तर 30 जण जखमी झाले. मंगळवारी पहाटे हा अपघात झाला, अशी माहिती पोलिसांनी दिली. चालकाचा बसवरील ताबा सुटला असावा, असा त्यांचा अंदाज आहे."

एकाची तीन वाक्यं झाली. 'मारले गेले' म्हटलं की कुणीतरी मारलं असं वाटतं, म्हणून अपघातात 'ठार झाले'. 'इतर' आणि 'एका' हे शब्द तर नुसते गळून पडले, अर्थ कुठेच अडला नाही.

आता खरी गोम. वाक्य ओघवतं करताना मुलं दोन चुका करतात. 'किमान' आणि 'असावा' गाळतात, मग आकडा पक्का होतो आणि चालक दोषी ठरतो. किंवा मूळात नसलेलं 'भीषण', 'भरधाव' घालतात. 'भरधाव' हा नुसता सजावटीचा शब्द नाही. बस वेगात होती, असं कुणीही म्हटलेलं नसताना तो चालकावर केलेला आरोप आहे.

म्हणून शेवटी मूळ बातमी पुन्हा समोर घ्यायची. आपल्या प्रत्येक वाक्याखाली बोट ठेवून विचारायचं, "हे तिथे आहे का? तितक्याच खात्रीने आहे का?" आकडे इथेच तपासा. इंग्रजीतले अडीच मिलियन म्हणजे आपले 25 लाख. घाईत मुलं अडीच लाख लिहून जातात.

बातमी मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. वाचताना जिथे श्वास अडतो, तिथे वाक्य तोडायचं.