यंत्रपुस्तिकेचा अनुवाद, लेखांक ७ : बोगी म्हणजे डबा नव्हे

नांदेडच्या फलाटावर ‘आपली बोगी पार मागं आहे’ असं कुणी म्हणालं, की सगळं घर सामान उचलून शेवटच्या डब्यांकडं पळतं. तिथं ते खपतं. पण रेल्वेच्या तांत्रिक भाषेत बोगी म्हणजे डब्याखालची चाकं, स्प्रिंगा आणि ब्रेक बसवलेली चौकट. साधारणपणे एका डब्याखाली अशा दोन. लातूरच्या रेल्वे कोच कारखान्यात वंदे भारत शयनयान गाड्या बांधण्यासाठी २०२३ मध्ये करार झाला, तो रेल विकास निगम आणि रशियाची ट्रान्समॅशहोल्डिंग यांच्या भागीदारीशी. म्हणून आज इंग्रजीतून रशियनमध्ये अनुवाद करताना उदाहरणाला ‘बोगी’ हाच एक शब्द घेऊ.

रशियनमध्ये डबा म्हणजे ‘वगोन’ आणि बोगी म्हणजे ‘तेलेझ्का’. तेलेगा ही घोड्याची गाडी, तेलेझ्का तिचं लाडकं रूप. दुकानातल्या ढकलगाडीलाही हाच शब्द. शब्दसूचीत या दोन ओळी अशा जातील :

```
bogie	тележка	डब्याखालची चौकट; डबा नव्हे
coach	вагон	पूर्ण डबा
```

तिसरा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात, आणि खरी गरज त्याचीच असते. आपल्याकडच्या मूळ इंग्रजी मजकुरातही कुणीतरी बोलीच्या सवयीनं ‘पाच नंबरच्या बोगीतली आसनं’ लिहून ठेवलेलं असतं. वाक्यात आसनं, दारं, शौचालय असेल तर तो डबा. चाकजोडी, स्प्रिंग असेल तर बोगी. तरी शंका उरली तर मजकूर लिहिणाऱ्या इंजिनिअरला विचारायचं.

आता ट्रान्सलेशन मेमरी. समजा, पहिल्या पुस्तिकेत ‘बोगीच्या चौकटीला तडे आहेत का पाहा’ या वाक्यात चुकून वगोन गेलं. तेच वाक्य पुन्हा आलं, की सॉफ्टवेअर शंभर टक्के जुळणी म्हणून वगोनच पुढं करतं. शब्दसूची आज सुधारली म्हणून मेमरी आपोआप सुधारत नाही. त्यासाठी मुळात `bogie` आहे पण अनुवादात `тележ` नाही, अशा जोड्या शोधून एकेक दुरुस्त कराव्या लागतात. शोधताना पूर्ण शब्द टाकू नका. रशियन नाम विभक्तीप्रमाणे बदलतं, आणि ‘बोग्यांची तपासणी’ म्हणताना ते `тележек` होतं. त्यात `тележк` सुद्धा सापडत नाही. बरोबर अनुवादच चुकीच्या यादीत येतो.

मेमरी आणि शब्दसूची दोन्ही स्वच्छ असूनही एक फट राहतेच. ‘ती साफ करा’ या अर्थाचं छोटं इंग्रजी वाक्य घ्या. इंग्रजीत सर्वनाम एकच, पण रशियनमध्ये तेलेझ्का स्त्रीलिंगी म्हणून `её`, आणि वगोन पुल्लिंगी म्हणून `его`. डब्याच्या प्रकरणात साठवलेलं वाक्य बोगीच्या प्रकरणात जसंच्या तसं येऊन बसतं, आणि वाचणारा कारागीर बोगीऐवजी दुसरंच काही शोधू लागतो. सर्वनामाची अशी वाक्यं कितीही टक्के जुळोत, मागचं वाक्य वाचल्याशिवाय स्वीकारू नका.