आईच्या कानाचं मशीन

कानाला मशीन लावून घरी आल्यावर आईचं पहिलं वाक्य होतं, "अगं, तो नळ बंद कर, केवढा आवाज करतोय!" नळ रोजच्यासारखाच वाहत होता. पेपरचं पान उलटलं तरी ती दचकायची, ताटाला चमचा लागला की कपाळाला आठी. चौथ्या दिवशी मशीन डबीत गेलं.

वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा बहुतेकांचे बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. 'स', 'श', 'त' यांसारखी व्यंजनं निसटतात आणि माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण कळत नाही." हे वर्षानुवर्षं इतकं हळू होतं की मेंदूला तीच शांतता खरी वाटू लागते. मशीन नेमके तेच हरवलेले आवाज वाढवतं. पंख्याची घरघर, बांगड्यांची किणकिण आपणही ऐकतो, पण मेंदू ती बाजूला सारतो. आईच्या मेंदूची ती सवय मोडली होती, आणि ती परत लागते फक्त रोज ऐकून. डबीतल्या मशीनने ती कशी लागणार?

तिची मोठी तक्रार मात्र वेगळी होती. "माझाच आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येतो." ऑडिओलॉजिस्टने मशीन कानातच ठेवून बंद करायला लावलं आणि "ई" म्हणायला सांगितलं. आवाज तरीही घुमत होता. म्हणजे दोष आवाज वाढवण्यात नव्हता. आपला आवाज हाडांतूनही कानात पोचतो. एरवी तो कानाच्या तोंडातून बाहेर निसटतो, पण घट्ट रबरी टोपीमुळे आत कोंडला होता. त्यांनी भोकं असलेली टोपी बसवली आणि घुमणं बरंच कमी झालं. बंद केल्यावर घुमणं थांबलं असतं, तर सेटिंग बदलावं लागलं असतं. जाड आवाजही फारसे ऐकू येत नसतील तर मात्र मोकळी टोपी चालत नाही, कारण तिच्यातून ते निसटतात.

मशीनचा जोरही आधी थोडा कमी ठेवला, पुढच्या भेटींत वाढवत नेला. पहिले काही दिवस सकाळी दोन-तीन तास, शांत घरात, समोर एकच माणूस. मग हळूहळू दिवसभर. कुठला आवाज कधी खुपला ते आई कॅलेंडरवर लिहायची. "कुकरची शिट्टी टोचते" एवढ्या नोंदीवरून मोठ्या आवाजांची मर्यादा खाली आणता आली. कान दुखणं, सोलवटणं हे मात्र सवयीत मोडत नाही. तसं झालं की लगेच दाखवायचं. मशीन सतत शिट्टी मारत असेल तर ते नीट बसलंय का आणि कानात मळ आहे का, ते आधी बघायचं.

दीड महिन्याने नळाचा विषय निघेनासा झाला. परवा ती ओट्याकडे पाठ करून बसली होती आणि म्हणाली, "मोहरी तडतडली, गॅस बारीक कर." लग्नाच्या हॉलमध्ये अजून तिला गोंधळायला होतं. तिथे ती भिंतीला पाठ लावून बसते आणि बोलणाऱ्याला समोर, हातभर अंतरावर बसवून घेते.